औषधाची स्ट्रिप दादा लांब धरतो, वहिनी जवळ: एका वक्र पृष्ठभागाच्या डोळ्याचं गणित

नौपाड्यात दादाकडे गेले होते. जेवणं झाली आणि दादानं रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन मुदत कधी संपते ते बघायला सुरुवात केली. चंदेरी फॉइलवर ठसा उमटवून छापलेली ती बारीक अक्षरं. आधी त्यानं स्ट्रिप नाकापाशी आणली, मग हळूहळू लांब नेत हात पार सरळ केला. तरी जमेना, तेव्हा म्हणाला, "अगं, हात पुरत नाही आता." वहिनीनं स्ट्रिप त्याच्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, स्ट्रिप वीतभर अंतरावर धरली आणि महिना-वर्ष घडाघडा वाचून दाखवलं.

दोघंही पन्नाशीचे, स्ट्रिप एकच, तरी एकानं ती लांब नेली आणि दुसरीनं जवळ आणली. दादाला लांबचं चष्म्याशिवाय छान दिसतं. वहिनीला कॉलेजपासून उणे २ नंबर आहे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे दोघांचा हिशेब तिथल्या तिथे मांडायचा मोह आवरला नाही. कपाटामागची एक मीटरची लाकडी पट्टी काढली आणि तासाभरात दोघांचे डोळे एका वहीच्या पानावर आले. हे सगळं घरी करता येतं. ते कसं, ते क्रमानं लिहिते.

आधी डोळा कागदावर उतरवू

खऱ्या डोळ्यात प्रकाश बऱ्याच ठिकाणी वळतो: डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे पारपटलाच्या, पुढच्या आणि मागच्या बाजूला, नेत्रभिंगात शिरताना आणि बाहेर पडताना, आणि भिंगाच्या आतसुद्धा, कारण भिंगाचा गाभा बाहेरच्या थरापेक्षा जास्त घट्ट असतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ आल्वार गुलस्ट्रांड यांना डोळ्यातल्या प्रकाशाच्या अपवर्तनावरच्या कामासाठी १९११ साली नोबेल मिळालं. त्यांच्या सविस्तर आराखड्यात असे सहा पृष्ठभाग आहेत आणि संपूर्ण डोळ्याची शक्ती, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, ५८.६४ डायॉप्टर येते. पण स्ट्रिप का वाचता येत नाही हे समजायला सहा पृष्ठभागांची गरज नाही. एक पुरतो.

त्यालाच सरलीकृत डोळा म्हणतात, इंग्रजीतलं त्याचं नाव 'रिड्यूस्ड आय'. डच नेत्रतज्ज्ञ डोंडर्स यांनी तोंडी हिशेबासाठी सोपे आकडे घेतले होते: पृष्ठभागाची त्रिज्या ५ मिलिमीटर, डोळ्याची लांबी २०. मी एम्स्ली यांचे आकडे वापरते, कारण त्यांची ६० डायॉप्टरची शक्ती गुलस्ट्रांडच्या आकड्याच्या जवळ आहे आणि गणितालाही सोयीची आहे.

कागदावर आडवी रेषा काढा. हा अक्ष. अक्षावर एक वक्र पृष्ठभाग काढा, फुगीर बाजू जगाकडे. त्याच्या पुढे हवा आहे. मागे एकसंध द्रव आहे, ज्याचा अपवर्तनांक ४/३ म्हणजे जवळपास पाण्याइतका. पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या ५.५६ मिलिमीटर. शक्ती काढायला अपवर्तनांकातला फरक मीटरमधल्या त्रिज्येनं भागायचा: ०.३३३३ ÷ ०.००५५६ = ६० डायॉप्टर. आता दूरचे समांतर किरण आत कुठे एकत्र येतील? ४/३ भागिले ६०, म्हणजे ०.०२२२२ मीटर. पृष्ठभागापासून २२.२२ मिलिमीटरवर दृष्टिपटल, म्हणजे प्रतिमा उमटते तो मागचा पडदा, काढलं की निरोगी, शिथिल डोळा तयार झाला.

हा काल्पनिक पृष्ठभाग खऱ्या पारपटलाच्या सुमारे १.६७ मिलिमीटर मागे धरतात. म्हणून मॉडेलची लांबी २२.२२ असली तरी खरा डोळा २४ मिलिमीटरच्या आसपास निघतो. पट्टीनं मोजताना हा दीड-पावणेदोन मिलिमीटरचा फरक आपण सोडून देणार आहोत.

आता पृष्ठभागाचा वक्रतामध्य, म्हणजे आत ५.५६ मिलिमीटरवरचा बिंदू, ठळक करा. या बिंदूकडे रोखलेला किरण पृष्ठभागावर लंबरूप पडतो, म्हणून तो वळतच नाही, सरळ जातो. हा नोडल बिंदू. तिथून दृष्टिपटलापर्यंतचं अंतर २२.२२ − ५.५६ = १६.६७ मिलिमीटर (दशांशाच्या पुढचे अंक सोडल्यानं शेवटचा अंक किंचित सरकतो). पुढच्या सगळ्या लेखात हाच आकडा राबणार आहे.

विद्यार्थी इथे हमखास एक चूक करतात. दृष्टिपटलावरच्या प्रतिमेची उंची काढताना १६.६७ ऐवजी डोळ्याची पूर्ण लांबी २२.२२ घालतात आणि उत्तर एक तृतीयांशानं जास्त येतं. पृष्ठभागाच्या मध्यावर येणारा तिरका किरण आत शिरताना वळतो, त्याचा कोन पाऊणपट होतो, हे त्यातून निसटतं. २२.२२ ला ३/४ नं गुणलं की पुन्हा १६.६७ च येतं. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की आकृती बरोबर आहे हे कळतं.

पट्टी, पेपर आणि एक डोळा

मोजायचे बिंदू दोनच. डोळा पूर्ण सैल असताना जिथलं स्पष्ट दिसतं तो दूरबिंदू, आणि पूर्ण जोर लावल्यावर जिथपर्यंत स्पष्ट दिसतं तो निकटबिंदू.

दादाला खुर्चीत बसवलं आणि डावा डोळा तळहातानं झाकायला सांगितला. बोटांनी दाबायचं नाही, नाहीतर तो डोळा उघडल्यावर बराच वेळ धूसर दिसतो. पट्टीचा शून्य उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, बाजूनं बघितल्यावर पारपटलाच्या रेषेत येईल असा धरला. लक्ष्य म्हणून वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवला. मोठा मथळा घेऊ नका. मथळा धूसर झाला तरी वाचता येतो आणि निकटबिंदू खोटा, फारच जवळचा येतो.

पुठ्ठा ६० सेंटिमीटरवरून सावकाश जवळ आणला. अक्षरांच्या कडा पहिल्यांदा विरघळल्या आणि प्रयत्न करूनही परत जुळल्या नाहीत, ते अंतर लिहिलं. तीनदा मोजलं: ३९, ४१, ४०. सरासरी ४० सेंटिमीटर. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर आकडा थोडा जवळचा येतो, कारण डोळे आत वळले की समायोजनालाही, म्हणजे जवळचं बघायला भिंग फुगवण्यालाही, रेटा मिळतो. म्हणून एकेक डोळाच मोजायचा. दुसऱ्या डोळ्याचा आकडाही जवळपास तोच आला. दोन डोळ्यांत मोठी तफावत निघाली तर हिशेब तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

वहिनीची मोजणी चष्मा काढून केली. तिचा निकटबिंदू २२ सेंटिमीटरवर मिळाला. मग पुठ्ठा लांब नेला, तर ५० सेंटिमीटरच्या पुढे अक्षरं विरघळायला लागली. हा तिचा दूरबिंदू. दादाचा दूरबिंदू असा पट्टीवर सापडत नाही. त्याला समोरच्या इमारतीवरची पाटी चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते, म्हणून त्याचा दूरबिंदू अनंतावर धरला.

सेंटिमीटर बाजूला ठेवा, डायॉप्टर धरा

सेंटिमीटरमधल्या अंतराचे डायॉप्टर करायला १०० ला त्या अंतरानं भागायचं. ४० सेंटिमीटर म्हणजे २.५ डायॉप्टर, २५ सेंटिमीटर म्हणजे ४, अनंत म्हणजे शून्य. निकटबिंदूच्या डायॉप्टरमधून दूरबिंदूचे वजा केले की समायोजनाची कमाल ताकद मिळते.

दादा: २.५ − ० = २.५ डायॉप्टर.

वहिनी: १०० ÷ २२ म्हणजे साधारण ४.५, त्यातून १०० ÷ ५० म्हणजे २ वजा. उरले २.५ डायॉप्टर.

म्हणजे दोघांची ताकद अगदी सारखी निघाली. आकडे बघून दादाला बरं वाटलं, कारण आपलेच डोळे जास्त म्हातारे झाले अशी त्याची समजूत होती. डोळ्याला जवळचं बघायचं असतं तेव्हा भिंगाभोवतीचा स्नायू आवळतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैलावतात आणि भिंग फुगतं. वयाबरोबर भिंग ताठर होत जातं आणि फुगणं कमी होतं. कुठल्या वयाला किती ताकद उरते याचा अंदाज हॉफस्टेटर यांच्या सूत्रांवरून येतो. किमान ताकदीसाठी १५ मधून वयाचा चौथा भाग वजा करायचा, सरासरीसाठी १८.५ मधून वयाच्या ०.३ पट. पन्नाशीला किमान २.५ आणि सरासरी ३.५ येते. दादा-वहिनी दोघंही किमान रेषेवर आहेत, म्हणजे वयाला धरूनच आहेत. एखाद्या पंचविशीतल्या मुलाची मोजणी २.५ आली असती तर मी मोजणीची चूक शोधली असती, आणि ती सापडली नसती तर त्याला तपासणीला पाठवलं असतं.

मॉडेलमध्ये ही ताकद कशी दाखवायची? आपल्याकडे वेगळं भिंग नाही, म्हणून पृष्ठभागच जास्त वाकवायचा. ४० सेंटिमीटरवरचं बघताना दादाच्या डोळ्याची शक्ती ६२.५ डायॉप्टर होते आणि त्रिज्या ५.५६ वरून ५.३३ मिलिमीटरवर येते. खऱ्या डोळ्यात पारपटल जागचं हलत नाही, हे मात्र मुलांना आवर्जून सांगावं लागतं.

वहिनीचा डोळा कागदावर काढताना पृष्ठभाग ६० डायॉप्टरचाच ठेवला आणि डोळा लांब केला. उणे २ नंबर म्हणजे दृष्टिपटलापर्यंत पोचायला ५८ डायॉप्टर पुरतील इतकी लांबी: ४/३ ÷ ५८ = २२.९९ मिलिमीटर. नेहमीपेक्षा पाऊण मिलिमीटर जास्त. एका डायॉप्टरमागे डोळा सुमारे ०.३८ मिलिमीटरनं लांबतो, आणि तेवढ्यावरच तिला रस्त्यापलीकडच्या दुकानाचं नाव वाचता येत नाही.

आता पल्ला बघा. २.५ डायॉप्टरच्या त्याच ताकदीत दादाला अनंतापासून ४० सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, तर चष्म्याविना वहिनीला फक्त ५० ते २२ सेंटिमीटरमधलं. सेंटिमीटरमध्ये तिचा पल्ला २८ इतकाच, पण औषधाची स्ट्रिप, सुईतला दोरा, तांदळातले खडे, सगळं त्या २८ सेंटिमीटरांतच येतं. वहिनीनं चष्मा लावला की तिचा पल्लाही दादासारखाच होतो, अनंत ते ४०. म्हणून ती चष्मा कपाळावर चढवते. मी हे समजावलं तेव्हा म्हणाली, "मला वाटायचं, वाईट सवय आहे ही." सवयीत वाईट काही नव्हतं. तिचा डोळा आपला दूरबिंदू बरोबर वापरत होता.

एक काळजी घ्यायची. मी चष्म्याचा नंबर आणि डोळ्याची चूक एकच धरली. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे बसतो, म्हणून दोन्हीत थोडा फरक पडतो. उणे २ ला तो शंभरात दोन-अडीच इतका, सोडून देण्याजोगा. नंबर ४ च्या पुढे गेला की तो मोजावा लागतो.

दृष्टिपटलावर अक्षर केवढं पडतं

सूत्र एका ओळीचं आहे:

प्रतिमेची उंची = वस्तूची उंची × १६.६७ ÷ वस्तूचं अंतर (सगळं मिलिमीटरमध्ये)

सगळ्यात जास्त गोंधळ एककांचा होतो. उंची मिलिमीटरमध्ये आणि अंतर सेंटिमीटरमध्ये घातलं की प्रतिमा दहापट मोठी येते. उत्तर एक-दोन मिलिमीटर आलं आणि तुम्ही अक्षराबद्दल बोलत असाल, तर आधी एककं तपासा.

स्ट्रिपवरच्या अक्षराची उंची मी पट्टीवर धरून बघितली, दीड मिलिमीटर भरली. २५ सेंटिमीटरवर धरल्यास प्रतिमा १.५ × १६.६७ ÷ २५० = ०.१ मिलिमीटर. ४० सेंटिमीटरवर ०.०६३. हात सरळ करून ६० सेंटिमीटरवर नेल्यास ०.०४२.

हे किती लहान आहे याचा अंदाज यावा म्हणून चंद्र घेऊ. कोजागरीला तलावपाळीवर उभं राहिलं की मासुंदा तलावावरचा चंद्र केवढा तरी वाटतो. चंद्राचा व्यास ३४७४ किलोमीटर, सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. त्याच सूत्रात घाला: दृष्टिपटलावर तो ०.१५ मिलिमीटर भरतो. वीतभर अंतरावरच्या औषधाच्या अक्षराच्या दीडपट, इतकाच. त्यावरचे डाग आपण ज्या ०.१५ मिलिमीटरात बघतो, तिथेच प्रकाश टिपणाऱ्या पेशींची सगळ्यात दाट वस्ती असते.

या दाटीवरून खालची मर्यादाही काढता येते. डॉक्टरांकडच्या तक्त्यावर ६/६ ची ओळ ६ मीटरवरून वाचतात. त्या ओळीचं अक्षर ५ मिनिटांचा कोन करतं, म्हणजे त्याची उंची ८.७३ मिलिमीटर. प्रतिमा ०.०२४ मिलिमीटर. अक्षराची उंची पाच भागांत बसवलेली असते, म्हणून त्याची एक रेघ दृष्टिपटलावर ०.००४८५ मिलिमीटर, म्हणजे पाच मायक्रॉनच्या आत. दृष्टिपटलाच्या मध्यावर शंकूपेशी एकमेकींपासून साधारण दोन-अडीच मायक्रॉनवर असतात. म्हणजे रेघ आणि रेघांमधली मोकळी जागा यांना प्रत्येकी दोनेक पेशी मिळतात. याहून बारीक झालं तर काळं कुठे संपलं आणि पांढरं कुठे सुरू झालं हे सांगायला पेशीच पुरत नाहीत.

आता दादाची स्ट्रिप या मापावर धरा. अक्षराची रेघ ०.३ मिलिमीटर धरली तर ४० सेंटिमीटरवर तिची प्रतिमा साडेबारा मायक्रॉन येते, किमान मर्यादेच्या अडीचपट. हात सरळ केल्यावरही आठ मायक्रॉनच्या वर. केवळ आकार बघितला तर ती रेघ मीटरभर अंतरापर्यंत वेगळी ओळखू यायला हवी. म्हणजे दादाची अडचण अक्षर लहान पडतं ही नव्हतीच. लांब नेल्यावर त्याला वाचता आलं नाही, कारण चंदेरी फॉइलवर ठशाचा रंग फिका होता आणि ट्यूबलाइटची चमक त्यावर पडत होती. कागदावर काळ्या शाईत छापलेली तेवढीच अक्षरं त्यानं नंतर ४५ सेंटिमीटरवरून वाचली.

ज्यांना काटेकोर हिशेब हवा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. अंतर पृष्ठभागापासून मोजलं तर १६.६७ हा आकडा समायोजनानं बदलत नाही. तो डोळ्याच्या लांबीचा पाऊणपट आहे, आणि लांबी तीच राहते. नोडल बिंदूकडून गेलात तर दोन्ही अंतरं बदलावी लागतात: दादा ४० सेंटिमीटरवर बघतो तेव्हा बिंदू ५.३३ वर सरकलेला असतो, त्यामुळे वस्तूपासूनचं अंतर ४०५.३३ आणि दृष्टिपटलापर्यंतचं १६.८९. भागाकार केला तर ०.०४१६७ येतो. १६.६७ ÷ ४०० केलं तरी तेच. वाटा मिसळल्या, म्हणजे १६.८९ ला ४०० नं भागलं, तर मात्र सुमारे १.३ टक्के चूक शिरते.

मग जवळ आणल्यावर का बिघडतं?

जवळ आणलं की प्रतिमा मोठी होते. तरी दादाला जवळचं कमी कळतं, कारण प्रतिमेबरोबर धूसरपणाही वाढतो, आणि तो जास्त वेगानं वाढतो.

स्ट्रिप २५ सेंटिमीटरवर असेल तर ४ डायॉप्टर लागतात. दादाकडे २.५ आहेत. तूट १.५ डायॉप्टर. त्यामुळे अक्षरावरच्या प्रत्येक बिंदूचे किरण दृष्टिपटलाच्या मागे जुळू पाहतात, आणि दृष्टिपटलावर बिंदूऐवजी एक गोल ठिपका उमटतो. त्याचा व्यास काढायचा सोपा मार्ग:

ठिपक्याचा व्यास = बाहुलीचा व्यास × तूट × १६.६७ ÷ १०००

(बाहुली मिलिमीटरमध्ये, तूट डायॉप्टरमध्ये, उत्तर मिलिमीटरमध्ये.)

रात्री घरातल्या उजेडात बाहुली ४ मिलिमीटर धरू. ठिपका ४ × १.५ × १६.६७ ÷ १००० = ०.१ मिलिमीटर. आणि पूर्ण अक्षराची प्रतिमाही ०.१ मिलिमीटरच होती. प्रत्येक बिंदू अक्षराएवढा पसरला, म्हणजे ३ आणि ८ मध्ये काही फरकच उरला नाही. ३३ सेंटिमीटरवर तूट अर्ध्या डायॉप्टरवर येते. ठिपका ०.०३३, अक्षर ०.०७५ आणि रेघ ०.०१५. अजूनही ठिपका रेघेच्या दुप्पट. ४० सेंटिमीटरला ठिपका शून्यावर येतो, आणि अक्षर लहान होऊनही वाचता येतं. हात सरळ करण्यामागचं सगळं गणित एवढंच.

सूत्रात बाहुली गुणाकारात आहे, तिचा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत करून बघितला. लख्ख उजेडात बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आवळते. ३३ सेंटिमीटरवरचा ठिपका निम्मा, ०.०१७ झाला, म्हणजे जवळपास रेघेएवढाच. दादानं तीच स्ट्रिप ३३ वर थोडं अडखळत, पण वाचली. आदल्या रात्री त्याच अंतरावर त्याला एकही अंक लागत नव्हता.

याहून पुढचा प्रयोग सुईचा. जाड कार्डाला सुईनं एक मिलिमीटरचं भोक पाडा, डोळ्यापाशी धरा आणि २५ सेंटिमीटरवरचं वाचा. आता बाहुलीचं काम भोक करतं: १ × १.५ × १६.६७ ÷ १००० = ०.०२५. रेघ ०.०२. अक्षरं अंधुक, पण ओळखण्याइतकी जुळून येतात. हा प्रयोग करमणुकीपुरता नाही. भोकातून सुधारलं तर अडचण किरण जुळण्याची आहे आणि चष्म्यानं सुटेल. भोकातूनही तसंच धूसर राहिलं, तर कारण बहुधा चष्म्याच्या पलीकडचं आहे, मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा काही त्रास, आणि तिथे आपलं मॉडेल उपयोगाचं नाही. तिरका नंबर असेल तरीही ते अपुरं पडतं, कारण तेव्हा एकाच डोळ्याच्या दोन दिशांना दोन वेगळ्या शक्ती असतात आणि ठिपका गोल न राहता लांबट होतो.

चांगल्या उजेडाचा एक तोटाही सांगून ठेवते. बाहुली लहान असताना निकटबिंदू मोजला तर तो खऱ्यापेक्षा जवळ येतो, कारण थोडी तूट ठिपक्यात लपून जाते. दादाची मोजणी बाल्कनीत केली तेव्हा ३६ आली. म्हणून आकडा लिहिताना शेजारी उजेड कुठला होता तेही लिहावं.

चाळिशीचा नंबर

पूर्ण ताकद सतत वापरत वाचणं म्हणजे वजन उचलून उभं राहण्यासारखं. डोळा दुखतो, अक्षरं मधूनच धूसर होतात. म्हणून चष्म्याचा अंदाज काढताना निम्मी ताकद राखीव ठेवण्याची पद्धत आहे. दादाला ३३ सेंटिमीटरवर वाचायचं आहे, त्याला ३ डायॉप्टर लागतात. स्वतःचे निम्मे, १.२५, तो लावेल. उरलेले १.७५ चष्म्यानं द्यायचे. अधिक १.७५.

हा नंबर घेऊन थेट दुकानात जायचं नसतं. मी दादाला नेत्रतपासणीला पाठवलं, कारण डोळ्याचा दाब आणि दृष्टिपटल पट्टीनं मोजता येत नाहीत. तपासणीत अधिक १.७५ च निघाला.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. वर्तमानपत्र उत्तम दिसतं, पण तोच चष्मा लावून लॅपटॉपकडे बघितलं की धूसर. चष्मा चुकला का, असं विचारत होता. त्याला टेप आणायला सांगितली आणि डोळ्यापासून स्क्रीनचं अंतर मोजायला लावलं. ६५ सेंटिमीटर निघालं. आता हिशेब त्याच्याकडूनच करून घेतला. चष्मा लावल्यावर डोळा सैल असताना दूरबिंदू १०० ÷ १.७५, म्हणजे ५७ सेंटिमीटरवर येतो. पूर्ण जोर लावल्यावर निकटबिंदू १०० ÷ ४.२५, म्हणजे साडेतेवीसवर. ५७ च्या पलीकडचं काहीच स्पष्ट दिसणार नाही. चष्मा बरोबर होता, स्क्रीन पल्ल्याच्या बाहेर होती.

"मग चष्मा काढून बघू?" त्यानं विचारलं. काढला तर ६५ सेंटिमीटरला स्वतःचे १.५४ डायॉप्टर लागतात, राखीव निम्म्यापेक्षा थोडे जास्त. अर्धा तास चालेल, दिवसभर नाही. फोनवरच त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि टेप पुन्हा लावली. ५२ वर आणल्यावर म्हणाला, "आता दिसतंय, कडासुद्धा."

५२ सेंटिमीटर म्हणजे १.९२. चष्म्याचे १.७५, त्याचे स्वतःचे जेमतेम ०.१७.